पोटरीत गोळा आला की कॅल्शियमच?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भाताची रोपणी सुरू झाली की आमच्या खानापूर भागातल्या औषध दुकानांत एक मागणी हमखास वाढते: ‘रात्री पोटरीत गोळा येतोय, कॅल्शियमच्या गोळ्या द्या.’ काउंटरमागे उभं राहून मी ती वर्षानुवर्षं ऐकली. बहुतेकांचं कॅल्शियम ठीकच असतं. दिवसभर चिखलात राबून पोटऱ्या थकतात, झोपेत पावलं खाली झुकतात आणि आखडलेला स्नायू एकदम आवळला जातो.

गोळा आला की गुडघा सरळ ठेवून चवडा नडगीकडे ओढावा, किंवा उठून टाच जमिनीला घट्ट टेकवून उभं राहावं. झोपण्यापूर्वी भिंतीसमोर दोन-अडीच फुटांवर उभं राहून हात भिंतीला लावावेत, टाचा न उचलता पुढे झुकावं आणि पोटरीला ताण बसला की अर्धा मिनिट थांबावं. असं तीनदा. रोज केलं तर काही आठवड्यांत गोळे येण्याचं प्रमाण कमी होऊ शकतं.

पाण्याचंही बघावं. बांधावर आडोसा नाही म्हणून बायका दिवसभर पाणी टाळतात आणि चहावर भागवतात. ही अडचण खरी आहे, पण निदान जेवताना आणि घरी आल्यावर तरी पाणी पोटात जाऊ द्यावं. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णांनी मात्र किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारावं.

आमच्या ओळखीच्या एका मावशींनी हे सगळं केलं, तरी गोळे थांबेनात. वर दिवसा पायांत जोर नसल्यासारखं वाटू लागलं. त्यांची बीपीची पट्टी पाहिली, तर त्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही होतं. अशा औषधाने रक्तातलं पोटॅशियम घटू शकतं. मी त्यांना डॉक्टरांकडे धाडलं. तपासणीत पोटॅशियम ३.१ निघालं, साधारणपणे ते ३.५ च्या खाली नसावं. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि महिन्याभरात त्रास बराच उतरला. बीपीची गोळी आपल्या मनाने बंद केली असती तर भलतंच होऊन बसलं असतं.

कधीमधी येणाऱ्या गोळ्याला तपासण्यांची गरज नसते. तो वरचेवर येऊ लागला, मुंग्या किंवा अशक्तपणा असेल, मधुमेह वा किडनीचा आजार असेल, तर पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, साखर आणि थायरॉइड यांतलं काय तपासायचं ते डॉक्टर ठरवतील. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील तर तेही त्यांना सांगावं. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, हे दुखणं वेगळं. त्यात पायाचा रक्तपुरवठा तपासावा लागतो. आणि एकच पाय सुजला, गरम लागला, दुखणं हटेना, तर चोळत बसू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आपला,
एक निवृत्त औषध विक्रेता, खानापूर