अण्णांना द्यायची चिठ्ठी परत लिहिली

प्रिय सुन्या,

उधारी मागायची माझी चिठ्ठी ऐकून फोनवर तू म्हणालास ना, असं लिहिलंस तर अण्णांसारखं जुनं गिऱ्हाईक परत दुकानाची पायरी चढायचं नाही, ते दोन दिवस डोक्यात घोळत होतं. मग काल दुकान बंद केल्यावर दिवा चालू ठेवून बसलो आणि चिठ्ठी पहिल्यापासून परत लिहिली. ती खाली देतोय, पण आधी काय काय झालं ते ऐक.

पहिली चिठ्ठी तीन ओळींची होती, 23,000 बाकी, आठ महिने झाले, आठ दिवसांत भरा नाहीतर शिवायला टाकलेल्या दोन पँट मिळणार नाहीत. आता परत लिहायची तर नुसता आकडा कशाला, कशाकशाचे पैसे ते पण लिहू म्हणून डिसेंबरचं बिलबुक काढलं. लग्नाचं काम होतं बघ, शेरवानी एक 6,500, सूट दोन 11,000, शर्ट-पँटचे सहा जोड 6,600, नेहरू शर्ट-पायजमे पाच 4,500 आणि जॅकेट तीन 5,400. एकूण 34,000. अ‍ॅडव्हान्स 8,000 आणि कपडे नेताना 3,000 असे 11,000 आलेले, म्हणून 23,000.

आणि मग मापवही उघडली तर त्यांच्या धाकट्या भावाच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, जॅकेट छातीत कमी, परत. सुन्या, ते जॅकेट त्यांनी नेलंच नव्हतं रे! ट्रायलला छातीत ओढत होतं, आत मार्जिन पण पुरेसं सोडलेलं नव्हतं, लग्न दोन दिवसांवर, मग त्यांनी ते इथंच ठेवलं आणि मी बिलातून काढायचं विसरलो. कारागिराला मी त्याचा पीस रेट दिला म्हणून माझ्या डोक्यात ते जॅकेट झालेलं काम म्हणूनच राहिलं. म्हणजे खरी बाकी 21,200. आठ महिने मी माणसाकडे 1,800 जास्त मागतोय, आणि ते काही बोलत नाहीत म्हणून मी रागावतोय. कदाचित ते त्याच्यामुळेच गप्प असतील, मला माहीत नाही, पण चिठ्ठीत ही गोष्ट सगळ्यात आधी आली पाहिजे एवढं मला पटलं. आपलं चुकलेलं आपणच आधी सांगितलं की समोरच्यालाही हिशोबावर बोलायला जागा मिळते, नाहीतर माणूस जॅकेटवरून भांडायचं की पैसे द्यायचे यातच अडकून बसतो.

आता त्या दोन पँटचं. बाजारात दोघातिघांनी सांगितलं की कपडे अडकवून ठेव, आपोआप पैसे येतात, आणि मला पण ते बरोबर वाटत होतं. पण आपल्या वरच्या मजल्यावरच्या वकिलांना विचारलं तर त्यांनी 1872 च्या करार कायद्याचं कलम 170 काढून दाखवलं, आणि तुला खरं वाटणार नाही, तिथं उदाहरणच शिंप्याचं दिलंय. गिऱ्हाईकाने कोटाचं कापड दिलं, शिंप्याने शिवला की लगेच देतो म्हणून कबूल केलं आणि पैशाला तीन महिन्यांची मुदत दिली, तर त्याला पैशासाठी कोट अडवून ठेवता येत नाही. मुदत दिली नसेल तर अडवता येतो, पण ज्या कपड्याची शिलाई बाकी तोच कपडा. जुन्या बाकीसाठी नवीन पँट ठेवून घेता येत नाहीत. अण्णांच्या पँटची शिलाई 1,300 आहे, ती दिली की त्या त्यांच्या. म्हणजे माझी धमकी कायद्यात पण बसत नव्हती, ती ओळ गेलीच.

दावा लावायच्या मुदतीचं पण वकिलांनीच सांगितलं. पैसे कधी द्यायचे ते ठरलेलं नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो, आणि आपण नुसत्या आठवणीच्या चिठ्ठ्या पाठवत राहिलो तर ती मुदत वाढत नाही. समोरच्याने मुदतीच्या आत बाकी मान्य म्हणून लिहून सही केली तर तिथून तीन वर्षं नव्याने मोजतात. थोडे पैसे भरले तरी तसंच, फक्त भरल्याचं त्यांच्या हातचं किंवा सहीचं काहीतरी पाहिजे, म्हणून वहीत सही घेच म्हणाले. मला अण्णांवर दावा नाही लावायचा रे, पण सही मागायचीच तर ती हिशोब जुळवायला म्हणून मागता येते, त्यात कुणाचा अपमान नाही.

मग आता हे वाच:

‘आदरणीय अण्णा, सप्रेम नमस्कार. तुमच्या वडिलांचं मापाचं पान अजून आमच्या वहीत आहे, आणि डिसेंबरात घरचं लग्न तुम्ही माझ्यावर सोपवलंत याचा मला आनंद आहे. त्या कामाचा हिशोब परत तपासला. धाकट्या भाऊंचं जॅकेट तुम्ही नेलं नव्हतं, ते मी चुकून धरलं होतं, माफ करा. ते 1,800 वजा करून बाकी 21,200 होते. बिलाची झेरॉक्स सोबत आहे, काही वेगळं वाटलं तर तिच्यावरच लिहा. कारागिरांचे पैसे मी तेव्हाच दिलेत, म्हणून ही रक्कम मला आता लागते आहे. एकदम जमत नसेल तर या महिन्यात 5,200 आणि पुढचे चार महिने 5 तारखेला 4,000 असं चालेल का? दुसरं काही सोयीचं असेल तर तेही सांगा. हिशोब मान्य असेल तर खाली तारीख घालून सही करा. तुमच्या दोन पँट तयार आहेत, शिलाई 1,300, केव्हाही न्या, त्यांचा या बाकीशी संबंध नाही.’

‘आपण विसरला असाल’ हे वाक्य मी लिहून खोडलं. 21,000 कुणी विसरत नाही, आणि त्यांनाही ते खोटं आहे हे कळणार. त्याच्याऐवजी हप्त्याचं विचारलंय, कारण लग्नात हात मोकळा सुटला की नंतर वर्षभर ओढाताण असते हे आपण दोघांनी घरात बघितलंय. आणि सोमवारपर्यंत, अमुक तारखेपर्यंत असलं काही घातलं नाही, तारीख आहे ती फक्त हप्त्याची.

व्हॉट्सअ‍ॅपवर नाही पाठवणार. त्यांचा फोन नातवाच्या हातात असतो, घरात कुणी वाचलं तर अण्णांची मान खाली जाईल आणि मग पैसे आले तरी माणूस गेला. कागदावर लिहून, पाकिटात घालून, दुपारी ते एकटे असतात तेव्हा हातात देणार. सुनेकडे किंवा मुलाकडे द्यायचं नाही. सहीसाठी माझ्याकडे दुसरी प्रत ठेवलीय.

एकाच वाक्यावर माझं मन ठरत नाहीये, ते कारागिरांचं. ते खरं आहे, पण वाचताना दया मागतोय असं वाटतं का ते तू सांग. मास्तरांकडे शिकताना तुझं गिऱ्हाईकांशी बोलणं माझ्यापेक्षा कायम बरं होतं, म्हणून विचारतोय. मी सोमवारी दुपारी त्यांच्याकडे जाणार आहे, तेव्हा रविवारी रात्रीपर्यंत फोन कर, दहानंतर केलास तरी चालेल, दुकानातच असतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या