दत्त उपासना पुस्तिकेसाठी जुनी पुस्तके, वारसांची संमती आणि देणगी हवी आहे

बडोद्यातील सर्व मराठी बंधुभगिनींस सप्रेम नमस्कार.

येत्या दत्तजयंतीला आपले भजनी मंडळ दत्त उपासनेची ६४ पानांची पुस्तिका काढत आहे. करुणात्रिपदी, घोरकष्टोद्धरण स्तोत्र, गुरुचरित्राचा चौदावा अध्याय, दत्तबावनी, गुरुवारच्या आरत्या आणि आपल्या शहरातच रचलेली, इथेच गायली जाणारी काही पदे तिच्यात असतील. वयस्कर मंडळींना चष्मा लावूनही बारीक अक्षर वाचता येत नाही, म्हणून मजकूर १६ पॉइंटात असेल. १,००० प्रती काढून त्या मोफत वाटायच्या आहेत. छपाई, कागद आणि बांधणी मिळून अंदाजे ३२,००० रुपये लागतील. देणगीचे आवाहन शेवटी केलेच आहे, पण पैशांआधी आम्हाला आपल्या घरातल्या कपाटांची मदत हवी आहे. ती कशासाठी, हे जरा सविस्तर सांगतो.

पुस्तिकेचे काम सुरू झाले तेव्हा बैठकीत अनेकांनी विचारले, देवाच्या नावाला परवानगी कसली, आणि आपण कुठे विकणार आहोत? ही भावना आम्हाला मनापासून समजते. पण कायद्यातली सवलत वेगळ्या गोष्टीला आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत एखादे पद म्हटले किंवा वाजवले तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कभंग होत नाही. म्हणून गुरुवारी मंदिरात आपण कोणतेही भजन निर्धास्त गातो. छापणे मात्र त्या सवलतीत येत नाही, प्रत फुकट वाटली तरी नाही. ज्याने शब्द लिहिले त्याचा त्यावर हयातभर हक्क असतो आणि निधनानंतर ६० वर्षे तो वारसांकडे राहतो. ही ६० वर्षे निधनाच्या दिवसापासून मोजत नाहीत, पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. ती संपली की रचना सर्वांची होते, म्हणजे पब्लिक डोमेनमध्ये येते.

आपल्या पुस्तिकेतल्या दोन कर्त्यांच्या रचना शेजारी ठेवल्या की हा हिशेब लगेच कळतो. करुणात्रिपदी आणि घोरकष्टोद्धरण स्तोत्र ही दोन्ही वासुदेवानंद सरस्वती म्हणजे टेंबे स्वामींची. स्वामी १९१४ मध्ये आपल्याजवळच गरुडेश्वरी समाधिस्थ झाले. त्यांच्या या रचनांची मुदत केव्हाच संपली आहे, त्या छापायला कोणाची परवानगी नको. दत्तबावनी मात्र नारेश्वरच्या रंगावधूत महाराजांची. महाराज १९६८ मध्ये गेले. मोजणी १ जानेवारी १९६९ पासून, म्हणजे हक्क ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत जिवंत आहे. घरोघरी पाठ आहे, सगळीकडे छापलेली दिसते, यावरून ती सर्वांची झाली असे होत नाही. मूळ गुजराती शब्द देवनागरीत छापायचे असले तरी ते शब्द महाराजांचेच, आणि मराठी अनुवाद द्यायचा तर अनुवादाचीही स्वतंत्र परवानगी लागते. म्हणून नारेश्वरला पत्र पाठवून आधी विचारायचे आहे की दत्तबावनीचे हक्क आज कोणाकडे आहेत आणि ते तिथे कोणत्या कागदाने आले. लेखी संमती हाती आली नाही तर या आवृत्तीत दत्तबावनी नसेल. तिच्या जागी गुरुचरित्राचा अठरावा अध्याय घेऊ.

गुरुचरित्राचे कर्ते सरस्वती गंगाधर कित्येक शतकांपूर्वीचे, तेव्हा मूळ ओव्या मोकळ्याच आहेत. पण बाजारातली नवी प्रत हाती घेतली की एकाच पानावर तीन माणसांचे काम दिसते. ओव्या सरस्वती गंगाधरांच्या, खालचा सोपा अर्थ कोणा आजच्या अभ्यासकाचा, प्रस्तावना आणि टिपा संपादकाच्या. मोकळ्या आहेत त्या फक्त ओव्या. पाठभेद पाहून नव्याने सिद्ध केलेल्या संहितेत संपादकाची निवड असेल, तर त्या निवडीवरही त्याचा हक्क असू शकतो. यासाठी आम्हाला जुनी, टीपा-अर्थ नसलेली छापील पोथी हवी आहे. तिच्यावरून अक्षरजुळणी नव्याने करू, कुठल्याही पुस्तकाच्या पानाची छायाप्रत छापणार नाही. 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' ही ओळ पाहून पुष्कळ जण घाबरतात. तुकोबांच्या अभंगांवर ती कोणी छापली तरी अभंग बंदिस्त होत नाहीत. उलट नव्या भजनाच्या पुस्तकात ती ओळ नसली तरी भजन मोकळे ठरत नाही.

काही तरुण कार्यकर्ते archive.org वरच्या जुन्या पोथ्या पाहत आहेत आणि त्याचा मोठा उपयोग होतो आहे. पण तिथे स्कॅन आहे एवढ्यावर आम्ही थांबत नाही, कारण ते कोणीही चढवू शकतो आणि शेजारी दिलेले वर्ष चढवणाऱ्याने टाकलेले असते. आम्ही स्कॅनचे मुखपृष्ठ आणि त्याच्या मागचे पान उघडतो, मुद्रक, प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष वाचतो, आणि तेच वहीत उतरवतो.

सगळ्यात जास्त अडते ते कर्त्याचे नाव नसलेल्या आरत्यांपाशी. शेवटच्या ओळीत 'दास' आहे, पण हा दास कोण? 'एका जनार्दनी' असले तर ती नाथांची मानण्याचा प्रघात आहे, आणि 'त्रिगुणात्मक त्रैमूर्ती'सारख्या सर्वश्रुत आरतीबद्दल शंका नाही. पण संतांची नाममुद्रा वापरून पुढच्या काळातही लोकांनी रचना केल्या आहेत, त्यामुळे नुसत्या नाममुद्रेवर आम्ही निर्णय घेत नाही. कर्ता अज्ञात असेल तर कायदा ६० वर्षे पहिल्या प्रकाशनापासून मोजतो. मग प्रश्न एवढाच उरतो की ही आरती ६० वर्षांपूर्वी छापली गेली होती का. हे सिद्ध करणारा कागद म्हणजे आपल्या आजीच्या देव्हाऱ्यातली, तेलाचे डाग पडलेली, वर्ष छापलेली आरत्यांची चोपडी.

समजा चोपडीवर 'शके १८७६' आहे. शकात ७८ मिळवले की १९५४ येते, आणि चैत्राआधीचे महिने धरले तर १९५५. आपण उशिराचेच वर्ष धरू. १ जानेवारी १९५६ पासून ६० वर्षे म्हणजे ३१ डिसेंबर २०१५ ला मुदत संपली. ही चोपडी त्या आरतीची पहिलीच आवृत्ती आहे का, हे शोधत बसायची गरज नाही. पहिली आवृत्ती असलीच तर याच वर्षीची किंवा आधीची असेल, म्हणजे निष्कर्ष बदलत नाही. बडोद्यात छापलेल्या पुस्तकांवर शकाऐवजी विक्रम संवतही असतो, तो कार्तिकात सुरू होतो. संवत २००६ म्हणजे १९४९-५०, तिथेही पुढचेच वर्ष धरायचे. एक सावधगिरी मात्र हवी. त्याच आरतीच्या दुसऱ्या एखाद्या प्रतीत कर्त्याचे खरे नाव मुदतीच्या आतच छापले गेले असेल, तर हिशेब त्या माणसाच्या निधनापासून होतो. म्हणून एकाच आरतीच्या दोन-तीन प्रती मिळाल्या तर फार बरे. वर्ष नसलेली प्रतही आणा, तिच्यावरून पाठ तपासता येतो, पण मुदतीसाठी तिचा उपयोग नाही.

आता आपल्या शहरातल्या पदांविषयी. यातली काही पदे ज्यांनी रचली ते गृहस्थ १९८७ मध्ये गेले. त्यांच्या पदांवरचा हक्क २०४७ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचा आहे. दोन मुलगे बडोद्यात आणि मुलगी पुण्याला. थोरल्या मुलाने आनंदाने होकार दिला, तरी एकट्याचा होकार पुरत नाही, मृत्युपत्र वेगळे नसेल तर हक्क तिघांचा सामाईक आहे. त्यासाठी एका पानाचा मसुदा केला आहे. त्यात पदांच्या पहिल्या ओळी, १,००० प्रती, मोफत वाटप, मोबदला नाही, कर्त्याचे नाव पदाखाली छापणे, शब्द न बदलणे हे सगळे लिहिले आहे. मुदत आणि प्रदेश मुद्दाम घातले आहेत. ते लिहिले नाहीत तर कायदा मुदत पाच वर्षे आणि प्रदेश फक्त भारत असा धरतो. आपले नातलग अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आहेत आणि पुस्तिका त्यांच्याकडे जाणारच, म्हणून 'जगभर' हा शब्द हवा. तोंडी 'छापा की!' आम्ही धरणार नाही.

आजोबांच्या हस्तलिखित वह्या अनेकांकडे आहेत. त्या दाखवायला जरूर आणा, पण एक लक्षात ठेवा. आजोबा १९५० मध्ये गेले असले, तरी जी पदे कधी छापली नाहीत आणि जाहीरपणे गायलीही गेली नाहीत, त्यांची ६० वर्षे अजून सुरूच झालेली नाहीत. ती छापायला सर्व वारसांची सही लागेल. ज्या रचनेचे वारस कितीही शोधून सापडत नाहीत तिच्यासाठी कायद्यात जाहिरात देऊन परवाना मागायची तरतूद आहे, पण लहान मंडळाला तो खर्च आणि वेळ झेपणारा नाही. अशी रचना आम्ही गाळतो आहोत, वाईट वाटले तरी.

मुखपृष्ठासाठी दत्ताचे जुने चित्र हवे. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांची मुदत संपली आहे. पण 'रविवर्मा प्रेस' असे छापलेले प्रत्येक चित्र त्यांचे नसते, तो छापखाना त्यांच्या पश्चातही चालू होता आणि पुढची चित्रे इतरांची आहेत. चित्रकाराची सही दिसत असेल तर तसे सांगा. हल्लीच्या कॅलेंडरवरची चित्रे घेता येणार नाहीत.

तेव्हा कृपया घरातल्या जुन्या पोथ्या आणि आरत्यांच्या चोपड्या काढून पाहा. मुखपृष्ठ, त्याच्या मागचे पान आणि अगदी शेवटचे पान शाबूत असलेली प्रत सर्वात मोलाची, कारण मुद्रकाचे नाव पुष्कळदा शेवटी असते. पुस्तक आम्ही ठेवून घेणार नाही, आपल्यासमोरच फोटो काढून परत देऊ. जुन्या पदकर्त्यांचे वारस कुठे आहेत हे ज्यांना माहीत असेल त्यांनी सांगावे. गुजराती आणि मराठी दोन्ही प्रुफे वाचू शकणारे चार जण हवे आहेत. ज्यांना मध्यवर्ती ग्रंथालयात बसून जुन्या पुस्तकांवरची वर्षे टिपून घेता येतील, अशा निवृत्त मंडळींचीही गरज आहे.

देणगी कितीही चालेल, एका प्रतीचा खर्च साधारण ३२ रुपये पडतो. पावती त्याच वेळी मिळेल. ज्या रचनेची संमती आली नाही तिची पाने कमी झाली आणि रक्कम उरली, तर ती पुढच्या आवृत्तीसाठी वेगळी ठेवू आणि हिशेब फलकावर लावू.

दर गुरुवारी आरतीनंतर मंडळाच्या खोलीत कार्यकर्ते बसतात. पुस्तके, संमतिपत्रे आणि देणग्या तिथेच द्याव्यात. पुस्तके कार्तिकी एकादशीपर्यंत आणावीत, त्यानंतर मजकूर जुळणीला जाईल.

आपले नम्र,
कार्यकारिणी, भजनी मंडळ, बडोदे