शाहापुरातल्या शिलाईवाल्या अक्कांना

अक्का, सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानले तर तुम्ही "हे काय नवीन सर" म्हणून मशीन सुरू कराल. म्हणून हे पत्र लिहितो आणि गल्लीतल्या सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडंच ठेवतो.

रोप लावणीला कणकुंबीकडं गावी गेलो ते शनिवारी. त्याच दिवशी पावसानं वीज गेली, रात्री फोन विझला. गुरुवारी जांबोटीमार्गे बेळगावात आलो आणि तुमच्या दुकानात चार्जरला लावला, तर चार ग्रुपमध्ये मिळून सहाशेवर मेसेज. कन्नड कागदाचं मराठी करून देणारा रिटायर्ड मास्तर म्हणून माझ्या नावची कामं त्यात असणारच. मी वरून वाचायला बोट लावलं आणि तुम्ही बोट धरलं. "उघडू नका. आधी बाहेरूनच बघा कुठल्या ग्रुपसमोर @ आहे."

ते चिन्ह मी इतकी वर्षं बघितलं होतं, पण ते कुणीतरी खास मला हाक मारल्याचं आहे आणि मेसेज वाचला की जातं, हे डोक्यात नव्हतं. दोन ग्रुपसमोर होतं. ते वहीत लिहून घेतलं, मग ग्रुप उघडून आतल्या @ वर दाबलं, तर थेट त्या मेसेजवर जाऊन पोचलो. त्यातही मंडळाचा ग्रुप पहिला घ्यायला लावलात. त्यात मेसेज सात दिवसांनी आपोआप पुसले जातात, वाचलेले असोत नसोत. शनिवारचे मेसेज आणखी दोन दिवसांत गेले असते.

पण आपल्या माणसांना @ कुठं लावायला येतं? बहुतेक जण नुसतं "सर, एवढं बघा की" लिहितात. "सर" शोधलं तर सरकारी, सरपंच, सरबत सगळं वर आलं. अर्धे लोक इंग्रजी अक्षरांत `sir` लिहितात, ते परत वेगळं शोधायचं. आणि नुसता कागदाचा फोटो टाकला असेल तर शोधून काहीच सापडत नाही. म्हणून तुम्ही ग्रुपमधले फोटो एकत्र उघडून दिलेत. त्यात शाळेच्या कन्नड पत्राचा फोटो होता, शेवटची तारीख शनिवार.

तो बघून मी घाबरलो आणि घाईत ग्रुपवर लिहिलं, "हो, चालेल. उद्या देतो." लगेच सात जणांचे अंगठे आले. मला कळेना एवढा आनंद कसला. माझ्या ओळीच्या वर शेवटचा प्रश्न होता, "मूर्तीचा अॅडव्हान्स कोण देणार?"

तुम्ही हसून सुई दातातून काढलीत. मी मेसेज पुसायला निघालो होतो. तुम्ही म्हणालात, "सगळ्यांनी बघितलाय. पुसलात तर सर पैशाला मागं सरले म्हणतील." मग माझाच मेसेज उजवीकडं सरकवून त्याच्या खाली लिहायला लावलंत, "हे शाळेच्या पत्राबद्दल होतं." त्यानंतरचं प्रत्येक उत्तर मी मूळ मेसेज असाच सरकवून, त्याला चिकटवून दिलं. शनिवारच्या प्रश्नाला गुरुवारी सुटं उत्तर दिलं तर ते कुणाच्या गळ्यात पडेल सांगता येत नाही. अॅडव्हान्सचे हजार रुपये मात्र मला द्यावे लागले, ती गोष्ट सोडा.

एकूण चौदा कामं निघाली. उत्तर द्यायच्या आधी प्रत्येकाच्या खाली शेवटपर्यंत वाचा, हा तुमचा आग्रह मला आधी वेळकाढूपणा वाटला. मंडपाच्या तात्पुरत्या मीटरचा अर्ज सोमवारी माझ्यावर टाकला होता, मी शुक्रवारी जाणार होतो. बरंच खाली गेल्यावर बुधवारचं "अर्ज दिला, पावती माझ्याकडं" सापडलं. अशी सहा कामं दुसऱ्यांनी केलेली होती. तीन कामांची वेळ गेली होती. त्या तिघांना ग्रुपवर नाही, एकेकट्याला लिहिलं. ग्रुपवर तीनदा माफी मागितली की बाकीचेही आपापली जुनी कामं उकरतात, हे तुमचं म्हणणं मला पटलं. उरली पाच, त्यातलं शाळेचं पत्र त्याच रात्री पूर्ण केलं.

पाचवं काम रात्री अकराला गल्लीच्या ग्रुपमध्ये सापडलं. मंगळवारचा फोटो, दुकानाच्या परवान्याच्या नूतनीकरणाची कन्नड नोटीस, खाली "सर, सवडीनं." पाठवणाऱ्या तुम्ही. दोन तास माझ्याबरोबर बसलात, दुसऱ्यांची कामं मोजलीत आणि स्वतःच्या कामाचं अक्षर काढलं नाहीत.

मराठी सोबत जोडलंय. मुदतीच्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारली आहे, ती आधी वाचा.

तुमचे,
सर