ए-२ दुधाचा दावा आणि दुधातली साखर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत ‘ए-२’ दुधाविषयी नुकताच लेख आला. ज्यांना साधे दूध पचत नाही त्यांनी देशी गाईचे ए-२ दूध घ्यावे, असा त्यात सरसकट सल्ला आहे. दूध संघाच्या प्रयोगशाळेत मी नोकरीची बहुतेक वर्षे काढली आहेत. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीचे लोक मला हाच प्रश्न सतत विचारतात. जवळजवळ दुप्पट पैसे मोजून घेतलेल्या दुधाने नेमके काय बदलते, हे वाचकांना नीट कळावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गाईच्या १०० मि.ली. दुधात साधारण सव्वातीन ग्रॅम प्रथिने असतात. त्यांतला सुमारे ८० टक्के भाग केसीनचा असतो, म्हणजे दूध नासल्यावर चोथ्यात उतरणारा. उरलेली प्रथिने निवळीत जातात. केसीनचेही प्रकार आहेत, आणि बीटा-केसीन हा त्यांतला एक. या प्रथिनाची साखळी २०९ अमिनो आम्लांची असते. ए-१ आणि ए-२ या तिच्या दोन रूपांतला फरक ६७व्या जागेवर आहे: ए-२ मध्ये तिथे प्रोलीन असते, ए-१ मध्ये हिस्टिडीन. प्रोलीनपाशी आपल्या आतड्यातील पाचक रसांना साखळी सहज तोडता येत नाही, हिस्टिडीनपाशी मात्र येते. तिथे साखळी तुटली की सात अमिनो आम्लांचा एक तुकडा सुटा होतो. त्याला बीटा-कॅसोमॉर्फिन-७ म्हणतात. अफूवर्गीय द्रव्ये शरीरातील ज्या ग्राहींना चिकटतात, त्यांनाच हा तुकडाही चिकटू शकतो. आतड्याच्या भिंतीत हे ग्राही असल्यामुळे त्याचा पचनावर परिणाम होत असेल, अशी शंका घेतली गेली. ही शंका रास्त आहे आणि तिच्यामागचे रसायनशास्त्रही खरे आहे. ए-२ म्हणजे सगळी जाहिरातबाजीच आहे, असे म्हणणाऱ्यांशी म्हणूनच मी सहमत नाही.

परंतु प्रयोगशाळेत तुकडा सुटा होणे आणि माणसाचे पोट दुखणे यांत बरेच अंतर आहे. ए-१ दुधाचा संबंध आरंभी पहिल्या प्रकारच्या मधुमेहाशी आणि हृदयविकाराशी लावला गेला. कोणत्या देशात किती ए-१ दूध प्यायले जाते आणि तिथे किती रुग्ण आहेत, एवढ्याच तुलनेवर तो तर्क मुख्यतः उभा होता. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००९ साली उपलब्ध पुरावा तपासला. आहारातून येणारा हा तुकडा आणि असे आजार यांच्यात कार्यकारण संबंध सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष त्या संस्थेने काढला. त्यानंतर ए-२च्या विक्रीचा भर आजारांवरून ‘पचायला हलके’ या शब्दांकडे वळला, आणि आज बाटल्यांवर हेच शब्द दिसतात.

पचनाचा पुरावा आहे, पण तो किती आहे ते पाहावे. ऑस्ट्रेलियात केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४१ जणांना दोन आठवडे ए-१ दूध आणि दोन आठवडे ए-२ दूध दिले. कोणते दूध आपल्याला मिळते आहे हे त्यांना माहीत नव्हते. शौचाच्या घट्ट-पातळपणासाठी डॉक्टर सात पायऱ्यांची एक मोजपट्टी वापरतात. तिच्यावर ए-१ दुधाची सरासरी ३.८७ आणि ए-२ची ३.५६ आली. सातांपैकी एक-तृतीयांश पायरीचा हा फरक संख्याशास्त्रानुसार खरा असला, तरी दोन्ही आकडे सामान्य शौचाच्या कक्षेतच बसतात. शिवाय एक विसंगती माझ्या मनातून जात नाही. अफूसारखा परिणाम झाला तर आतड्याची हालचाल मंदावून शौचास घट्ट व्हायला हवे. इथे ए-१ दुधाने ते किंचित पातळ झाले होते. पुढे चीनमध्ये दोन अभ्यास झाले, त्यांतल्या एकात तर ६०० माणसे होती. ए-१ आणि ए-२ अशा मिश्र दुधापेक्षा केवळ ए-२ दुधाने पोटाचा त्रास कमी झाल्याचे दोन्हींत आढळले. या तिन्ही अभ्यासांना ए-२ दूध विकणाऱ्या कंपनीचे आर्थिक साहाय्य होते. एवढ्यावरून ते खोटे ठरत नाहीत, पण स्वतंत्र संस्थांनी ते पुन्हा करून पाहिल्याशिवाय त्यांच्यावर सर्वांसाठी सल्ला उभारता येत नाही. चीनच्या अभ्यासांतली माणसे तर आपल्याला दूध पचत नाही असे स्वतःच सांगणारी होती. ज्यांना दूध व्यवस्थित पचते, त्यांना ए-२ने काही अधिक मिळते असे त्यांतून दिसत नाही.

आता आपल्या लेखातून सुटलेल्या मूळ मुद्द्याकडे येतो. दूध न पचण्याचे सर्वांत सामान्य कारण प्रथिन नसून लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, हे आहे. तान्हेपण सरले की जगातल्या बहुसंख्य माणसांच्या आतड्यातील, ही साखर फोडणारे लॅक्टेज हे विकर कमी होत जाते. न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ते आंबवतात, वायू होतो, पोट गुबारते, गडगडते आणि शौचास पातळ होते. ए-२ दुधातही लॅक्टोज तेवढेच असते, १०० मि.ली.मागे पावणेपाच ग्रॅमच्या आसपास. गाय देशी की संकरित, यावर ते अवलंबून नसते. बाटलीवर ‘पचायला हलके’ हे ठळक छापलेले असते, पण लॅक्टोज इतर दुधाइतकेच असल्याचे मी अजून कोणत्याही बाटलीवर वाचलेले नाही.

आमच्या शेजारच्या आजींचे उदाहरण सांगतो. त्यांचे वय ७१ आहे. रात्री झोपताना त्या मोठा पेला भरून, म्हणजे सुमारे २५० मि.ली., पिशवीचे दूध घेत आणि तासा-दीड तासात त्यांचे पोट फुगे. मुलाने घरपोच ए-२ दूध सुरू केले आणि आठवड्याभरात त्रास थांबला. घरच्यांना खात्रीच पटली. मी सुनेला विचारले, आता आजी किती दूध घेतात? महाग दूध पुरवून वापरायचे म्हणून पेल्याऐवजी लहान वाटी दिली जात होती. मापून पाहिली तर १२० मि.ली. भरली. म्हणजे आधी एका वेळी सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज पोटात जात होते आणि आता सहा ग्रॅमच्या आतच. लॅक्टोज नीट न पचणाऱ्या बहुतेक माणसांनाही एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत फारसा त्रास होत नाही, असे युरोपीय प्राधिकरणानेच नमूद केले आहे. आजी बरोबर त्या काठावर होत्या.

त्यांच्या संमतीने आम्ही दोन आठवडे एक साधी तपासणी केली. सून दोन्ही दुधे सारखीच गरम करून, सारखेच वेलदोडे घालून, एकाच आकाराच्या स्टीलच्या पेल्यातून देई आणि कोणत्या रात्री कोणते दूध दिले ते वहीत लिहून ठेवी. आजींना ते सांगितले जात नसे. सकाळी त्या फक्त पोट कसे होते ते सांगत. पिशवीचे दूध १२० मि.ली. दिले त्या रात्री काही झाले नाही. ए-२ दूध २५० मि.ली. दिले त्यांतल्या बहुतेक रात्री पोट फुगलेच. एका माणसावरून शास्त्र ठरत नाही आणि हा माझा दावाही नाही. त्या घरापुरते मात्र उत्तर स्पष्ट होते: बदल प्रमाणामुळे झाला होता, गाईमुळे नव्हे.

अशी लपवून केलेली तपासणी का आवश्यक आहे, हे अमेरिकेतल्या १९९५ सालच्या एका अभ्यासावरून कळते. एक पेला दुधानेसुद्धा आपल्याला असह्य त्रास होतो, असे ठामपणे सांगणारी ३० माणसे त्यात होती. त्यांना साधे दूध आणि लॅक्टोज आधीच फोडलेले दूध न सांगता दिले. रोज एक पेला एवढ्या प्रमाणात दोन्हींच्या त्रासात लक्षणीय फरक निघाला नाही, आणि तीसांपैकी नऊ जणांना लॅक्टोज मुळात पचतच होते. ही माणसे खोटे बोलत नव्हती. आपल्याला दूध सोसत नाही हे मनात पक्के बसले की पोटातला रोजचा वायूही दुधाच्या नावावर जमा होतो, आणि बाटली महाग असली की आराम पडल्याचेही तसेच जाणवते.

महाराष्ट्राच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या संशोधकांनी भारतीय गाई-म्हशींची जनुके तपासली. देशी गाईंमध्ये ए-२चे प्रमाण ९८ टक्क्यांच्या पुढे होते, आणि तपासलेल्या म्हशींमध्ये सर्वच ए-२ निघाल्या. म्हणजे तबेल्यातून येणारे म्हशीचे दूध कोणत्याही चिठ्ठीशिवाय ए-२च आहे. तरीही म्हशीचे दूध ‘जड’ म्हणूनच आपल्याकडे ओळखले जाते आणि लहान मुलांना ते पाणी घालून देतात. ते जड लागते ते त्यातल्या सहा-सात टक्के स्निग्धांशामुळे. हलकेपणा बीटा-केसीनवर ठरत असता, तर म्हशीचे दूध सर्वांत हलके म्हणून खपले असते. पिशवीच्या दुधात गाईचे आणि म्हशीचे दूध पुष्कळदा एकत्र असते आणि होल्स्टीन संकरित गाईंमध्येही ए-२ जनुक बऱ्याच प्रमाणात असते, त्यामुळे ‘साधे’ दूध म्हणजे निव्वळ ए-१ असे कधीच नसते. उलट बाटलीतले दूध निव्वळ ए-२ आहे की नाही, हे चवीवरून, रंगावरून किंवा सायीवरून ओळखता येत नाही. त्यासाठी गोठ्यातल्या प्रत्येक गाईची केसाच्या मुळातून जनुकीय चाचणी हवी, नाहीतर दुधातील प्रथिने वेगळी करणारे महागडे यंत्र हवे.

ए-२ तुपाविषयी तर बोलायलाच नको. तूप जवळजवळ संपूर्ण स्निग्ध पदार्थ आहे; ज्या प्रथिनावर हा सगळा भेद उभा आहे ते लोणी कढवताना बेरीबरोबर निघून जाते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी दूध आणि दुग्धजन्य पदार्थांवरील ए-१, ए-२ हे दावे काढून टाकण्याचे निर्देश दिले होते. पाचच दिवसांनी, अधिक सल्लामसलत करण्यासाठी म्हणून, ते मागे घेण्यात आले. त्या पाच दिवसांची बातमी ज्यांनी वाचली त्यांतल्या कोणाला दावा खोटा ठरल्यासारखे वाटले, तर कोणाला तो मान्य झाल्यासारखे. प्रत्यक्षात यांपैकी काहीच झालेले नाही.

एका बाबतीत मात्र आपल्या लेखाची दुरुस्ती तातडीने छापावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ‘दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळांनाही ए-२ चालते’ असे त्यात एक वाक्य आहे. गाईच्या दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्या बाळाला ए-२ दुधातले बीटा-केसीन, इतर केसीन आणि निवळीतील प्रथिने, सर्वच धोकादायक ठरू शकतात. अंगावर पित्त उठणे, उलट्या, शौचातून रक्त किंवा श्वास लागणे अशी लक्षणे असलेल्या बाळाच्या आईने ते वाक्य वाचून बाटली आणू नये, बालरोगतज्ज्ञांकडे जावे. मोठ्यांपैकी ज्यांना दुधाने पोट फुगते, त्यांनी आधी प्रमाण निम्मे करावे, दूध उपाशीपोटी न घेता जेवणाबरोबर घ्यावे, किंवा दुधाऐवजी दही खाऊन पाहावे, कारण विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग फोडतात आणि पोटातही पचनाला मदत करतात. एवढे करूनही त्रास राहिला तर श्वासातील हायड्रोजन मोजण्याची चाचणी करून घ्यावी. तीत लॅक्टोज पचत असल्याचे दिसले आणि तरीही दुधानेच त्रास होत असला, तर दोन आठवडे ए-२ दूध घेऊन पाहायला माझी हरकत नाही, मात्र पेला तेवढ्याच मापाचा ठेवून.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त दुग्ध-रसायनतज्ज्ञ, सांगली