२०३३ साली आपण सगळे किती वर्षांचे असू?

पुणे, १२ जुलै २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, चाळीस खड्डे खणून तयार आहेत आणि पाऊसही लागलाय, तेव्हा हापूसची कलमं आणायला तुम्ही आता थांबणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी नर्सरीत जायच्या आधी सोबतचा आखलेला कागद एकदा बघा. आई, तूही बघ, नुसता बाबांच्या हातात देऊ नकोस.

कागद अगदी सोपा आहे. डावीकडे वरून खाली सालं आहेत, २०२६ पासून २०४० पर्यंत. वरच्या ओळीत आपली सगळ्यांची नावं आणि खाली जन्मसालं. सालातून जन्मसाल वजा केलं की त्या वर्षीच्या वाढदिवसाला किती वर्षं पूर्ण होतील ते मिळतं. वाढदिवसाच्या आधी एक कमी धरायचं. तुमच्या ‘पंचाहत्तरावं लागलं’ या हिशेबात आणि ‘पंचाहत्तर पूर्ण’ यात एका वर्षाचा फरक आहे. कागदावर सगळीकडे पूर्ण वर्षंच धरली आहेत.

बाबांना मात्र दोन रकाने दिले. आजी सांगायची की तुम्ही १९५२ च्या गोकुळाष्टमीचे. मास्तरांनी शाळेत नाव घालताना १ जून १९५१ लिहिलं आणि तेच आधारपर्यंत आलं. जन्म महिन्याच्या एक तारखेचा म्हणून निवृत्तीही ३१ मे २००९ ला झाली. तेव्हा कागदाने अठ्ठावन्न होतात, खरे छप्पन्न. सरकारी गोष्टींना कागदाचाच रकाना लागतो. त्या हिशेबाने गेल्या १ जूनला तुमची पंचाहत्तर पूर्ण झाली, म्हणजे एसटीचं अर्धं तिकीटही आता काढायचं नाही, गुहागर-चिपळूण फुकट. कंडक्टरला आधार दाखवायला लाजू नका. आई, तुझी सत्तर येत्या फेब्रुवारीत पूर्ण होतात. सत्तरच्या वरच्यांना पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी आयुष्मान कार्ड मिळतं, त्यावर उत्पन्नाची अट नाही. बाबांचं आताच काढता येईल, तुझं फेब्रुवारीनंतर. दिवाळीला आले की बाबांचं मी करून देते.

गुडघ्यांना मात्र खरा रकाना लागतो. तिथे बाबा अजून चौऱ्याहत्तर व्हायचे आहेत आणि मला ते एक-सव्वा वर्ष हवंच आहे.

आता २०३३ ची ओळ बघा. बाबा ८१, आई ७६, माझ्या सासूबाई ८३. मी ५२, हे ५५. सई नोव्हेंबरात अठरा पूर्ण करील, पण बारावीची परीक्षा त्याआधी मार्चमध्येच. बाबांचं सहस्रचंद्रदर्शनही त्याच साली येतं. हजार पौर्णिमा म्हणजे सुमारे २९,५३० दिवस, म्हणजे ८० वर्षं आणि साधारण दहा महिने. मोजून जून २०३३ निघतो. ऐन पावसात मांडव कुठे घालणार? कार्यक्रम आधी मेमध्ये करायचा की पुढे दिवाळीनंतर, ते गुरुजींना विचारून ठेवा. मेमध्ये धरला तर सईची परीक्षा संपलेली असेल, पण प्रवेशाची धावपळ सुरू असेल.

खरी अडचण त्या एका ओळीत नाही, तिच्या वरखाली आहे. सईची दहावी मार्च २०३१ ला, बारावी २०३३ ला, ओमची दहावी २०३५ ला. यांची नोकरी मार्च २०३६ च्या अखेरीस संपते. म्हणजे २०३० ते २०३६ या सहा वर्षांत आमच्यापैकी कुणालाही गावी येऊन महिना-दोन महिने राहता येणार नाही, आणि ती सहा वर्षं म्हणजे बाबांची ७८ ते ८४ आणि आईची ७३ ते ७९. दादाचं दुकान त्याला डोंबिवलीतून हलू देत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. २०३६ नंतर हे मोकळे आहेत आणि त्यांना गाव आवडतं, निदान आत्ता तरी तसं म्हणतात.

म्हणून कलमांनाही मी एक रकाना दिला. या पावसात लावली तर त्यांचं जन्मसाल २०२६. पहिली तीन-चार वर्षं मोहोर खुडायचा, पाचव्या-सहाव्या वर्षी घरापुरते आंबे, आणि पेट्या भरायला लागतील असं झाड दहाव्या वर्षाच्या पुढे. म्हणजे २०३६, नेमकी यांच्या निवृत्तीची ओळ! तेव्हा कलमं लावू नका असं मी म्हणणार नाही. फळाच्या बाजूने हिशेब बसतो.

बसत नाही तो पाण्याचा. पाऊस थांबला की पहिले तीन उन्हाळे कलमाला पाणी द्यावं लागतं, नाहीतर कातळावरच्या मातीत मार्चमध्येच पानं करपायला लागतात. ते उन्हाळे २०२७, २०२८ आणि २०२९ चे. त्या तिन्ही उन्हाळ्यांत पाणी घालणारा माणूस अनुक्रमे चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर आणि शहात्तर वर्षांचा असेल, आणि चाळीसपैकी पंचवीस खड्डे वरच्या सड्याला आहेत, विहिरीपासून चढावर. हंडे कुणी वाहायचे? गडी मिळतो, पण तुम्हीच म्हणता की तो आंब्याच्या दिवसांत दुसऱ्याच्या बागेत असतो. नेमकी तेव्हाच कलमाला तहान.

माझं म्हणणं असं. यंदा विहिरीजवळच्या पंधरा खड्ड्यांतच कलमं लावा. त्या पंधरांना टाकीवरून ठिबकची नळी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही येऊन टाकतो, नळी चोंदली नाही ना एवढंच बघायचं राहील. वरचे पंचवीस खड्डे पाला-शेणखत घालून बुजवून ठेवा. तिथे पाण्याची सोय झाली तर पुढे बघता येईल.

आणखी एक रकाना आहे, तो बघून हसू नका. आपला पाडेली. तो दादापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, म्हणजे १९७० च्या आसपासचा. २०३३ साली त्रेसष्टचा होईल आणि आपले माड काही खाली येणार नाहीत. त्याचा मुलगा रत्नागिरीत कंपनीत लागलाय, तो चढणार नाही. उंच माडांच्या खालून आपली वहिवाट आहे. नारळ वेळेवर उतरले नाहीत तर ते कुणाच्या डोक्यात पडतील हे सांगायला नको. वाटेवरचे दोन माड काढायचे का, आणि त्यांच्या जागी कमी उंचीचे संकरित लावायचे का, याचा विचार त्याचे हातपाय चालताहेत तोवरच करायला हवा. आज लावलेला संकरित माड चार-पाच वर्षांत धरतो, म्हणजे २०३१ मध्ये तो खालून काठीने काढता येईल इतका असेल.

आई, तुझा विषय शेवटी ठेवला कारण तुला पत्राने पटत नाही. माडीवरची झोपायची खोली २०३० च्या आत खाली आणायची. जिना उभा आहे आणि पावसात ओला राहतो. ओटीलगतची कोठाराची खोली रिकामी करायला दोन दिवस लागतील, आणि तिथल्या पितळेच्या भांड्यांपैकी काय ठेवायचं हे तुझ्याशिवाय कुणाला ठरवता येणार नाही. तेवढं ठरवून ठेव, उचलायला आम्ही आहोत.

या कागदात कोण किती जगेल हे मी धरलेलं नाही. ते वजाबाकीने निघत नाही. नुसतं कोण किती वर्षांचं असेल एवढंच त्यात आहे, आणि तेवढंच आत्ता नक्की सांगता येतं.

बाबा, कलमं आणायच्या दिवशी फोन करा. पंधराच घ्या. नर्सरीवाला वीस घेतलीत तर कमी लावतो म्हणेल, तरी पंधराच.

तुमची,
वैशू

ता. क. कागदाची दुसरी प्रत दादाला पाठवली आहे. त्याचा रकाना त्याने स्वतः तपासून परत पाठवायचा आहे, अजून आलेला नाही. तुम्ही सांगितलंत तर पाठवील.