‘कोणत्या ओळीवरून?’ विचारा आणि थांबा

महोदय,

मुलांना वाचता येते, पण वाचलेले समजत नाही, अशी तक्रार आपल्या पत्रव्यवहारात वरचेवर येते. दोष मोबाइलला दिला जातो. वर्गात उताऱ्यावर प्रश्न विचारला की पुढच्या चार-पाच सेकंदांत काय होते, याकडे मात्र कोणी पाहत नाही. मी पाचवी-सहावीला मराठी शिकवत आले, म्हणून त्याविषयी लिहिते.

अमेरिकेतील मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात प्राथमिक शाळांतील विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत. तेवढ्यात उत्तर आले नाही की प्रश्न दुसऱ्याकडे जाई किंवा शिक्षकच उत्तर देऊन मोकळे होत. तीन सेकंद किंवा अधिक थांबायला लागल्यावर उत्तरे लांबली, मुले आधार देऊन बोलू लागली आणि गप्प राहणारी मुलेही तोंड उघडू लागली. आपल्याकडे पटसंख्या मोठी आणि पोर्शन संपवायची घाई, त्यामुळे हा एक सेकंदही कधी कधी मिळत नाही.

एक उदाहरण देते. वर्गासाठी मी चार ओळी लिहिल्या होत्या: ‘पंचगंगेचे पाणी पायरी पायरीने चढत होते. आबांनी म्हशींची दावी सोडली. आई म्हणाली, दरवर्षी येतंय की पाणी. आबा बोलले नाहीत, त्यांनी भिंतीवरच्या २०१९ च्या रेघेकडे एकदा पाहिले.’ प्रश्न एकच होता: आबांना काय वाटत असेल?

नाव आधी घ्यायचे नाही. ‘सुजय, सांग’ म्हटले की बाकीचा वर्ग सुटला! प्रश्न विचारायचा, हात वर करायला बंदी घालायची आणि उत्तर ज्या ओळीत दिसते तिच्यावर बोट ठेवायला सांगायचे. मग मनात सावकाश पाच मोजायचे. बोटे फिरताना दिसतात, म्हणजे मुले पुन्हा वाचत आहेत. त्यानंतर नाव घ्यायचे.

पहिले उत्तर आले, ‘भीती.’ कशावरून? ‘पूर आला की भ्या वाटतंयच की, बाई.’ कोल्हापूरच्या पोराला पूर शिकवावा लागत नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. उत्तर चुकीचे नाही, पण ते उताऱ्यातून आलेले नाही, घरून आलेले आहे. इथे ‘शाब्बास’ म्हटले की चर्चा संपते. म्हणून थांबायची दुसरी जागा असते उत्तरानंतर. तिथेही तीन-चार सेकंद काही बोलायचे नाही. ‘बरोबर’ नाही, ‘चूक’ नाही, मुलाचे वाक्य मोठ्याने परत म्हणणेही नाही. माझ्या मते हे थांबणे जास्त अवघड आणि जास्त कामाचे.

मी गप्प राहिले तेव्हा मागून एक मुलगी म्हणाली, ‘त्यांनी रेघ बघितली.’ मग? ओळ वाचून दाखवली म्हणजे आधार दिला असे होत नाही, ओळीतून उत्तरापर्यंत पोहोचावे लागते. थोडे थांबल्यावर ती पुढे म्हणाली, ‘म्हणजे पाणी परत तिथवर येईल असं त्यांना वाटतंय. आईला तसं वाटत न्हाई.’ आता उतारा वाचला गेला. पहिल्या मुलाने लगेच म्हशींची ओळ पुढे केली: नुसती भीती असती तर ते बसून राहिले असते, ते तयारीला लागलेत.

खरा आधार आणि चिकटवलेला आधार ओळखायची माझी कसोटी सोपी आहे: ही ओळ खोडली तर तुझे उत्तर टिकेल का? ‘पूर आला की भीती वाटते’ हे उत्तर सगळा उतारा खोडला तरी टिकते. प्रश्नातला शब्द ज्या वाक्यात सापडला तेच वाक्य वाचून दाखवणारी हुशार मुलेही या कसोटीला सापडतात.

प्रत्येक प्रश्नावर असे थांबू नये. ‘नदीचे नाव काय’ यावर पाच सेकंद शांत बसणे हा पोरखेळ होईल. एका तासात असे दोन-तीन प्रश्न पुरेत. आणि ज्याचे नाव घेतले तो गोंधळला, तर सगळ्या वर्गासमोर त्याला ताटकळत ठेवू नये. शेजाऱ्याशी अर्धा मिनिट बोलू द्यावे आणि पुन्हा त्याच्याकडे यावे.

शिष्यवृत्तीच्या तयारीत हे बसत नाही, असे सहकारी म्हणतात. मला उलट वाटते. चार पर्यायांतला बरोबर कोणता हे विचारण्याऐवजी उरलेले तीन कोणत्या ओळीमुळे बाद होतात, हे विचारा. दहा उतारे सोडवण्यापेक्षा तीन उतारे असे सोडवलेले बरे.

मुख्याध्यापकांना एक विनंती आहे. तास पाहायला गेलात की फळा आणि टाचणवही पाहताच, त्यासोबत घड्याळही पाहा. प्रश्न संपल्यापासून कोणी तरी बोलेपर्यंत किती सेकंद गेले, आणि पहिले कोण बोलले, मूल की शिक्षक, एवढेच टिपून तो कागद शिक्षकांच्या हातात द्या. शेरा लिहू नका.

एक निवृत्त शिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर