घाम आला म्हणून उष्माघात नव्हे, असं कुणी सांगितलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात पान तीनवर उन्हाळ्याची लाल चौकट बघितली आणि चहा गार झाला माझा. दरवर्षी मार्च संपला की तीच चौकट, तीच वाक्यं, फक्त कोपऱ्यातलं सूर्याचं चित्र बदलतं. "घाम येणं थांबलं की उष्माघात समजावा, रुग्णाला लिंबू सरबत पाजून ताबडतोब दवाखान्यात हलवावं." अहो, हे वाचून आमच्या गल्लीत एक माणूस जाता जाता राहिला, म्हणून लिहायला बसले. मी निवृत्त नर्स, नोकरी सगळी ह्याच भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाली, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

गेल्या वर्षी एप्रिलात आमच्या शेजारी स्लॅब घालायचं काम चाललेलं. मिक्सर सुरू झाला की थांबवता येत नाही, हे सगळ्यांना माहिती आहे, मग दुपारचे दोन वाजू देत नाहीतर तीन. घमेली देणाऱ्या साखळीतली एक बाई आधी खाली बसली. डोकं दुखतंय, मळमळतंय, पायात गोळे आलेत, चेहरा पांढराफटक. पण नाव विचारलं तर नाव सांगितलं, सकाळी काय खाल्लंस तर भाकरी आणि झुणका, वर मलाच म्हणते कशी, "आक्का, माझी हजेरी मोडंल की हो." म्हणजे डोकं जाग्यावर होतं. ह्याला उन्हाचा थकवा म्हणतात. तिला जिन्याखाली सावलीत आडवं केलं, पाय विटांवर उचलून ठेवले, डोक्याचं फडकं सोडलं, ओला टॉवेल फिरवला आणि लिटरभर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट कालवून घोट घोट दिलं. अर्ध्या तासात तरतरी आली. नसती आली, किंवा उलट्या थांबल्या नसत्या, तर दवाखान्यात न्यावंच लागलं असतं. मुकादम मात्र लगेच "झालं ना बरं, चढ वर" म्हणायला लागला. मी म्हटलं, आजचा दिवस संपला हिचा, शरीर तापलेलंच आहे अजून, परत वर गेली तर पुढची पायरी गाठेल. त्याचं तोंड वाकडं झालं ते झालंच.

एवढ्यात वरनं ओरडा आला. एक पोरगं, पंचविशीतलं, बहिणीच्या लग्नाला गावी जाऊन दोनेक आठवड्यांनी त्याच दिवशी कामावर परत आलेलं. (उन्हात राबायची सवय अंगाला लागायला आठवडा दोन आठवडे लागतात आणि मोडते पण तशीच लवकर, पण हे कुठला कंत्राटदार बघतो?) तो घमेलं टाकून मिस्त्रीला शिव्या द्यायला लागला, एरवी तोंडातनं शब्द न काढणारा पोरगा. खाली आणला तर पाय लटपटतायत, कुणाच्या घराचं काम हे विचारलं तर भलतंच बरळतोय. दोघं तिघं म्हणाले प्यालाय. आणि मुकादम काय म्हणाला माहिती आहे? "उष्माघात नव्हे बाई, घाम बघा की केवढा, पेपरात आलंय घाम थांबतो म्हणून."

तर संपादक महाशय, तुमचा पेपर असा वाचला जातो.

घाम थांबतो ही गोष्ट खरी आहे, पण ती बहुतेक म्हाताऱ्या माणसांची, पत्र्याच्या खोलीत दोन तीन दिवस तापत पडलेल्यांची. राबणाऱ्या तरुण माणसाला उष्माघात होतो तेव्हा अंगावरनं घामाच्या धारा चालू असू शकतात. त्या पोराचा शर्ट पिळून निघाला असता. बघायचं ते डोकं. उन्हात काम करणारा माणूस अचानक भांडायला लागला, उत्तरं चुकायला लागली, चाल बिघडली, झटके आले, बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजूनच चालायचं, दारूचा वास आला तरी. थर्मामीटरच्या नादी लागू नका. आत ताप एकशे चार, एकशे पाचच्या वर असतो आणि घामानं ओल्या काखेत लावलं तर एकशे एक दाखवतं, मग सगळे निवांत.

पुढची चूक तुमच्या "ताबडतोब हलवावं" ची. लोक त्याला टेंपोत घालायला निघालेले, उन्हात तापलेल्या टेंपोत, आणि दवाखाना गाठून केसपेपर होईपर्यंत पाऊण तास. तेवढा वेळ मेंदू, मूत्रपिंडं, लिव्हर सगळं शिजत राहतं. पहिल्या अर्ध्या तासात अंग गार झालं तर माणूस बहुतेक वाचतो, म्हणून आधी गार करायचं, मग हलवायचं. १०८ ला फोन त्याच वेळी दुसऱ्यानं लावायचा.

आणि गार करायला स्लॅबच्या जागेसारखी दुसरी सोय नाही हो! पाणी आहे, ताडपत्री आहे, माणसं आहेत. सिमेंटवर झाकायची ताडपत्री सावलीत पसरली, पोराचा शर्ट काढून त्याला मधे निजवलं, चौघांनी कडा वर धरल्या की झाली आंघोळीची कढई. एकानं पाठीमागनं काखेत हात घालून डोकं पाण्याच्या वर धरलं. बॅरलमधलं पाणी उन्हानं चटके देत होतं, म्हणून बोअर चालू करून पाइपच आत सोडली, कोपऱ्यावरच्या रसवंतीतनं बर्फाची लादी आणून फोडून टाकली, आणि कडा आलटून पालटून हलवत पाणी अंगावरनं खेळवत ठेवलं. ताडपत्री नसती तर बादल्या ओतत राहायचं आणि प्लायच्या तुकड्यानं जोरात वारा घालायचा, म्हाताऱ्या माणसाला तर तेच बरं. तो हुडहुडायला लागला तेव्हा "थंडी वाजतीय, काढा काढा" सुरू झालं. नाही काढायचं, माणूस नीट बोलेपर्यंत चालू ठेवायचं. वीसेक मिनिटांनी त्यानं आपल्या गावाचं नाव सांगितलं, मग अँब्युलन्स आली. दवाखान्यात लघवी आणि रक्त तपासत दोन दिवस ठेवून घेतलं, कारण शुद्ध आली तरी मूत्रपिंडं नंतर दगा देऊ शकतात.

सरबत घेऊन एक जण उभाच होता. डोकं ठिकाणावर नसलेल्याच्या तोंडात काही घालायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. पॅरासिटामॉलची गोळी पण नाही. ती जंतूंच्या तापाची, ह्या तापावर चालत नाही, वर लिव्हरला ताण.

जाता जाता अजून एक. आरोग्य केंद्रात उन्हाचं पोस्टर लागलंय ते फक्त कन्नडमध्ये. माझा कन्नडवर राग नाही, सगळी रजिस्टरं मी कन्नडमध्येच लिहिली, पण निपाणी, चिकोडीकडचा गवंडी आणि बिगारी मराठी वाचतो, वीटभट्टीवरचे तर हिंदीवाले. त्यांना चित्रं बघून काय कळणार, सूर्याला घाम आलाय एवढंच. म्हणजे मराठीत वाचायला त्यांच्याजवळ राहिली तुमची चौकट, आणि तिच्यात हे असं.

उद्या परवा ती दुरुस्त करून छापा. आणि कृपा करून लाल रंगावर पांढऱ्या बारीक अक्षरात नको, कालची वाचायला मला भिंग घ्यावं लागलं.

आपली,
एक निवृत्त नर्स, निपाणी